डायरीत नाव नाही

मार्च 1976 मध्ये केरळमधल्या टी. व्ही. ईच्चर वारियर या हिंदीच्या प्राध्यापकांना रजिस्टर पोस्टाने एक पत्र आले. कालिकतच्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्राचार्यांनी ते पाठवले होते. तुमचा मुलगा पी. राजन याला 1 मार्चच्या सकाळी पोलिसांनी कॉलेजच्या आवारातून नेले आहे, एवढाच त्याचा सारांश. राजन शेवटच्या वर्षाला होता, गाण्या-नाटकात रमणारा होता. आंतरमहाविद्यालयीन कला महोत्सवाहून तो इतर विद्यार्थ्यांबरोबर बसने पहाटे परतला आणि तिथेच त्याला उचलण्यात आले. त्याच्याबरोबर आणखी एका विद्यार्थ्यालाही नेले.

कारण आदल्याच रात्रीचे होते. 28 फेब्रुवारीला जवळच्या कायण्णा पोलीस ठाण्यावर नक्षलवाद्यांनी हल्ला केला होता आणि पोलिसांची धरपकड सुरू झाली होती. कक्कयम या डोंगरातल्या गावी, धरणाच्या कामासाठी बांधलेल्या वीज मंडळाच्या इमारतींत, गुन्हे शाखेने एक तळ उभारला. संशयितांना तिथे आणून चौकशी होई. चौकशीची तिथली पद्धत मल्याळम वर्तमानपत्रांतून पुढे घराघरात पोचली. माणसाला बाकावर बांधायचे, तोंडात कापड कोंबायचे आणि मांड्यांवरून जड लाकडी ओंडका दाबून फिरवायचा.

या तळाकडे कोठडी म्हणून कोणताही कायदेशीर दर्जा नव्हता. ते पोलीस ठाणे नव्हते, तुरुंग नव्हता. राजनच्या अटकेची नोंद कुठल्या रजिस्टरमध्ये झाली नाही, त्याला कोणत्या मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले नाही, स्थानबद्धतेचा आदेशही काढला नाही. कागदावर पाहिले तर 1 मार्चच्या सकाळी राजन बसमधून उतरला आणि त्यानंतर पोलिसांचा त्याच्याशी काही संबंधच आला नाही.

वडील कक्कयमला गेले. तळाच्या आत त्यांना सोडले नाही. ते पोलीस अधिकाऱ्यांना भेटले, गृहमंत्री के. करुणाकरन यांना भेटले, मुख्यमंत्री सी. अच्युत मेनन यांच्याकडे गेले. अर्जांवर अर्ज केले, दिल्लीलाही लिहिले. ‘तो आमच्याकडे आहे’ असे कोणी लिहून दिले नाही आणि ‘तो आमच्याकडे नाही’ असेही नाही. हा मधला टप्पा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढे कोर्टात याच मौनाला महत्त्व आले.

आता कायद्यात अशा प्रसंगासाठी जो उपाय आहे तो पाहू. त्याचे नाव हेबियस कॉर्पस. आपल्याकडे सरकारी मराठीत त्याला बंदी प्रत्यक्षीकरण म्हणतात, पण कोर्टात वकील आणि कारकून दोघेही ‘हेबियस’ असेच म्हणतात. राज्यघटनेच्या कलम 226 खाली हायकोर्टात आणि कलम 32 खाली सुप्रीम कोर्टात हा अर्ज करता येतो. ज्याला कोंडले आहे तो स्वतः येऊ शकत नाही, म्हणून बाप, बायको, मित्र, शेजारी, कोणीही त्याच्या वतीने कोर्टात जाऊ शकतो. कोर्ट समोरच्याला विचारते: हा माणूस तुमच्या ताब्यात आहे का? असेल तर कोणत्या कायद्याखाली? उत्तर शपथेवर द्यायचे असते. उत्तरात कायदेशीर आधार सापडला नाही तर माणूस सुटतो.

हा अर्ज माणूस दोषी आहे की निर्दोष याची चौकशीच करत नाही. राजन नक्षलवादी होता की नव्हता, हा प्रश्न यात येत नाही. खरोखरीच्या खुन्यालाही चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावे लागते, प्रवासाचा वेळ तेवढा वगळून; हे घटनेच्या कलम 22 मध्ये लिहिलेले आहे. ‘पण तो काही साधा माणूस नव्हता’ हे वाक्य आपल्याकडे चहाच्या टपरीपासून टीव्हीच्या चर्चेपर्यंत ऐकू येते. या अर्जापुढे त्या वाक्याला किंमत नाही, आणि नसावी.

मग वारियर सर मार्च 1976 मध्येच हायकोर्टात का गेले नाहीत? कारण दार बंद होते. आणीबाणी चालू होती. 27 जून 1975 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने कलम 21 आणि 22 खालच्या हक्कांसाठी कोर्टात जाण्याची मुभाच स्थगित झाली होती. तरीही मुंबईसह अनेक हायकोर्टांनी स्थानबद्धांचे अर्ज ऐकायला घेतले. निदान स्थानबद्धतेचा आदेश मूळ कायद्याला धरून आहे का एवढे तरी तपासता येईल, असे त्यांचे म्हणणे होते. सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले. हाच एडीएम जबलपूर खटला. तिथे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी अॅटर्नी जनरल निरेन डे यांना विचारले की, एखाद्या पोलिसाने वैयक्तिक आकसातून माणसाचा जीव घेतला तरी कोर्टात दाद नाही का? आणीबाणी आहे तोवर नाही, असे उत्तर आले. 28 एप्रिल 1976 रोजी पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी सरकारची बाजू घेतली. एकट्या खन्नांनी विरोधी निकाल लिहिला. त्या दिवशी राजनला मारून आठ आठवडे उलटले होते. अर्थात हे तेव्हा तळावरच्या माणसांखेरीज कोणाला ठाऊक नव्हते.

21 मार्च 1977 ला आणीबाणी उठली. चारच दिवसांनी, 25 मार्चला, वारियर यांचा अर्ज केरळ हायकोर्टात दाखल झाला. त्याच दिवशी करुणाकरन राज्याचे मुख्यमंत्री झाले. आणीबाणीतल्या गृहमंत्र्याविरुद्धचा अर्ज आता विद्यमान मुख्यमंत्र्याविरुद्धचा झाला. राज्य सरकार, पोलीस महानिरीक्षक, गुन्हे शाखेचे उपमहानिरीक्षक जयराम पडिक्कल आणि जिल्ह्याचे पोलीस अधिकारीही प्रतिवादी होते.

सगळ्यांचे उत्तर एकच होते: राजनला आम्ही अटक केलेलीच नाही. मुख्यमंत्र्यांनीही तसेच प्रतिज्ञापत्र दिले.

हेबियसच्या अर्जाची खरी अडचण इथे आहे. नोंद असलेल्या कैद्याच्या बाबतीत काम सोपे असते. सरकार आदेश दाखवते, कोर्ट तो आदेश तपासते. नोंदच नसेल तर सरकार म्हणते, आमच्याकडे माणूसच नाही, तर हजर कोणाला करू? एरवी अशा अर्जांत कोर्ट प्रतिज्ञापत्रांवर भागवते, साक्षीपुरावे घेत बसत नाही. दोन प्रतिज्ञापत्रे एकमेकांच्या उलट असली तर ‘वादग्रस्त वस्तुस्थिती आहे, योग्य त्या ठिकाणी दाद मागा’ असे म्हणून अर्ज निकाली काढण्याचा मोह मोठा असतो. तसे झाले असते तर खोटे बोलणे हाच सर्वांत सुरक्षित बचाव ठरला असता. माणूस उचलावा, नोंद करू नये आणि कोर्टात ‘नाही’ म्हणावे, की संपले.

न्यायमूर्ती सुब्रह्मण्यन पोट्टी आणि न्यायमूर्ती व्ही. खालिद यांनी तो मोह टाळला. त्यांनी साक्षी घ्यायचे ठरवले. कॉलेजमधली माणसे आली आणि त्या सकाळी काय पाहिले ते सांगून गेली. प्राचार्यांचे पत्र पुराव्यात आले. एक शिक्षक, ज्याचा या भांडणात कोणताही स्वार्थ नाही, घटनेनंतर लगेच, पुढे कधी खटला होईल अशी कल्पनाही नसताना बापाला कळवतो की मुलाला पोलिसांनी नेले; असे पत्र खोटे का असेल? त्यानंतर कक्कयमच्या तळावर ज्यांना ठेवले होते तेही आले. त्यांनी राजनला तिथे पाहिले होते. पोलिसांच्या बाजूला काय होते? कोरी रजिस्टरे. आणि बापाच्या वर्षभराच्या अर्जांना कोणी साधे ‘तो आमच्याकडे नाही’ असे उत्तरही का दिले नव्हते, याचा खुलासा नव्हता.

अर्ज दाखल झाल्यापासून एकोणिसाव्या दिवशी, 13 एप्रिलला, निकाल लागला. राजनला पोलिसांनी नेले होते आणि कक्कयमच्या तळावर तो त्यांच्या बेकायदा ताब्यात होता, असा निष्कर्ष कोर्टाने काढला. एकदा ताबा सिद्ध झाला की पुढचे सांगण्याची जबाबदारी ताबा घेणाऱ्याची. सोडले असेल तर केव्हा, कुठे, कोणासमोर, हे पोलिसांनी दाखवायचे. तो कुठे गेला हे बापाने शोधून आणायचे नाही. कोर्टाने राजनला 21 एप्रिलला हजर करण्याचा आदेश दिला, आणि जमणार नसेल तर त्याच्या शोधासाठी काय केले ते कळवायला सांगितले.

राजन हजर झाला नाही. 25 एप्रिलला करुणाकरन यांनी राजीनामा दिला; त्यांचे मुख्यमंत्रिपद महिनाभर टिकले. त्यानंतर सरकारच्या बाजूने कबुली आली की राजन पोलिसांच्या ताब्यातच, 2 मार्च 1976 रोजी, म्हणजे नेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, मारहाणीने मेला होता. मृतदेह आजवर मिळालेला नाही.

म्हणजे वर्षभर बाप ज्याला शोधत होता तो पहिल्या चोवीस तासांनंतर फार काळ जिवंत नव्हता. आणीबाणी नसती आणि 1 मार्चच्या संध्याकाळी कोणी अर्ज घेऊन न्यायमूर्तींच्या घरी गेले असते, तर राजन वाचला असता का, कोण सांगणार? पण या उपायाची ताकद घड्याळावर असते, हे या एका तारखेइतके स्पष्ट दुसरे काही सांगत नाही.

पुढच्या खटल्यांची हकिकत कमी समाधान देणारी आहे. खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल करुणाकरन यांच्यावर कारवाई सुरू झाली, सुप्रीम कोर्टानेही ती थांबवली नाही; अखेर ते सुटले आणि पुढे पुन्हा मुख्यमंत्रीही झाले. पोलीस अधिकाऱ्यांवरचा खटला राज्याबाहेर, कोईमतूरला चालला. शिक्षा झाली, पण अपिलात ती टिकली नाही. हेबियसचा अर्ज आणि फौजदारी खटला या दोन वेगळ्या वाटा आहेत. पहिल्या वाटेवर ‘ताब्यात होता’ एवढे सिद्ध करणे पुरते. दुसऱ्या वाटेवर कोणी, कसे, कोणत्या हेतूने मारले हे निःसंशय सिद्ध करावे लागते, आणि मृतदेहाशिवाय ते अतिशय अवघड जाते. वारियर यांनी आपली कहाणी मल्याळममध्ये पुस्तकरूपाने लिहिली. 2006 मध्ये ते गेले.

राजनचा निकाल एका हायकोर्टाचा होता. काही वर्षांनी सुप्रीम कोर्टासमोर मणिपूरमधून जवळजवळ तशीच हकिकत आली. 10 मार्च 1982 रोजी ह्युनिंग या गावातल्या दोन माणसांना सैनिकांनी फुंगरेईच्या छावणीत नेले. ती परतली नाहीत. सरकारचे उत्तर ‘नेलेच नाही’ असे नव्हते. ‘आले होते, पण परत गेले’ असे होते. हा जास्त चलाख बचाव. सेबॅस्टियन हाँगरे या विद्यार्थ्याच्या अर्जावर कोर्टाने नोव्हेंबर 1983 मध्ये त्या दोघांना हजर करण्याचा आदेश दिला, कारण छावणीत जिवंत पाहिलेली माणसे बाहेर पडल्याचे विश्वसनीय उत्तर सरकारला देता आले नाही. आदेश पाळला गेला नाही तेव्हा 1984 मध्ये कोर्टाने दोघांच्या बायकांना प्रत्येकी एक लाख रुपये देण्यास सांगितले आणि पोलिसांना पुढील तपास करायला लावले.

आज आणीबाणी नाही. 44 व्या घटनादुरुस्तीने (1978) आणीबाणीतही कलम 21 स्थगित करता येणार नाही अशी तरतूद केली, आणि जबलपूरचा निकाल सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये खोडून काढला. पण नोंदीशिवाय ठेवलेला माणूस हा प्रकार इतिहासजमा झालेला नाही. त्याचा आकार लहान झाला आहे. बहुतेक वेळा वर्षभराचे प्रकरण नसते, दोन-तीन दिवसांचे असते. सोमवारी संध्याकाळी मुलाला ‘जरा साहेबांनी बोलावलंय’ म्हणून नेतात. घरच्यांना ठाण्यात सांगतात, चौकशी चालू आहे, उद्या या. उद्या गेले की सांगतात, इथे नाही, क्राइम ब्रँचला विचारा. गुरुवारी दुपारी स्टेशन डायरीत अटकेची नोंद पडते आणि शुक्रवारी सकाळी त्याला कोर्टात उभे करतात. कागदावर चोवीस तासांचा नियम काटेकोर पाळलेला असतो. फक्त घड्याळ तीन दिवस उशिरा सुरू केलेले असते.

मधल्या त्या तीन दिवसांत हेबियसचा अर्ज झाला तर काय होते, हे फौजदारी वकिलांना चांगले माहीत आहे. मुंबई हायकोर्टात, किंवा नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा आणि आता कोल्हापूर इथल्या त्याच्या बैठकांत, वकील दोन न्यायमूर्तींच्या पीठापुढे उभा राहून तातडीची सुनावणी मागतो. सरकारी वकील ठाण्यात फोन लावतो. आणि अनेकदा त्याच दिवशी अटक ‘दाखवली’ जाते. पुढच्या तारखेला सरकार सांगते, आरोपी रीतसर अटकेत आहे, मॅजिस्ट्रेटने कोठडी दिली आहे, अर्ज आता निष्फळ झाला. कोर्ट अर्ज निकाली काढते. फाइल पाहिली तर अर्जदार हरला असे वाटेल. घरच्यांना मात्र हवे होते ते मिळालेले असते: माणूस कुठे आहे हे लिहून आले आणि आता त्याला काही झाले तर जबाबदार कोण हेही ठरले.

यात मर्यादाही स्पष्ट दिसते. एकदा मॅजिस्ट्रेटने कोठडीचा आदेश दिला की हेबियस चालत नाही, असे सुप्रीम कोर्टाने वारंवार सांगितले आहे. आधीचे तीन दिवस बेकायदा होते, ही तक्रार मग दुसरीकडे मांडावी लागते. त्यासाठी पहिल्या रिमांडच्या वेळीच वकिलाने मॅजिस्ट्रेटला सांगावे की याला सोमवारी नेले होते, आणि तसे नोंदवून घ्यावे. नंतर हे म्हणणे सुचलेले वाटते.

दुसरी मर्यादा अशी की बेपत्ता होणे आणि कोंडले जाणे या दोन गोष्टी कायद्याला एक वाटत नाहीत. घरातून निघून गेलेल्या माणसाचा शोध घ्यायला हायकोर्ट हे काही पोलीस खाते नव्हे. ताबा कोणाचा हे सांगता आले नाही तर अर्ज फेटाळला जातो. राजनच्या वडिलांकडे ताबा दाखवणारे प्राचार्यांचे पत्र होते. तसे काहीतरी हवे. नेताना कोणी पाहिले, गाडी कोणती होती, किती वाजता, गणवेशात होते की साध्या कपड्यांत, कोणी आपल्या ठाण्याचे नाव सांगितले का. हे त्याच रात्री एखाद्या वहीत लिहून ठेवलेले आणि व्हॉट्सअॅपवर कोणाला तरी पाठवलेले असले, तरी कामाला येते. पोलीस आयुक्त किंवा अधीक्षकांना ईमेल पाठवला तर त्यावर वेळ उमटते. त्याला उत्तर आले नाही तर ते न येणेही पुढे बोलते.

पोलिसांच्या बाजूच्या नोंदीसाठी सुप्रीम कोर्टाने डी. के. बसू प्रकरणात 1996 मध्ये काही नियम घालून दिले. अटकेच्या जागीच मेमो करायचा, त्यावर वेळ आणि तारीख, घरच्या किंवा परिसरातल्या एका माणसाची सही; नातेवाइकाला कळवायचे; कोठडीत दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी. यातले बरेच आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. पण मेमो केलाच नाही तर मेमोचा नियम काय करणार? म्हणून मला 2020 चा एक आदेश जास्त उपयोगी वाटतो. परमवीर सिंग सैनी खटल्यात सुप्रीम कोर्टाने प्रत्येक पोलीस ठाण्याच्या प्रवेशद्वारावर, कोठडीत, व्हरांड्यात सीसीटीव्ही बसवायला आणि चित्रण अठरा महिने जपायला सांगितले. डायरीत नाव नसलेला माणूस दारातून आत जाताना चित्रणात दिसू शकतो. कॅमेरे नेमके त्याच दिवशी बंद होते, हे उत्तरही कोर्टांना आता वारंवार ऐकू येते. म्हणून अर्जातच चित्रण जपून ठेवण्याचा आदेश मागायचा असतो, शेवटच्या सुनावणीची वाट न पाहता.

हायकोर्ट लांब असेल किंवा रविवार असेल तर आणखी एक जवळची वाट आहे, आणि ती फारशी कोणाला माहीत नसते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 100 खाली, एखाद्याला बेकायदा कोंडले आहे असे वाटण्यास कारण असेल तर तालुक्याच्या ठिकाणचा मॅजिस्ट्रेट शोधाचे वॉरंट काढू शकतो आणि माणूस सापडला तर त्याला लगेच आपल्यापुढे आणायला लावू शकतो. पंजाब आणि हरियाणा हायकोर्टाने याच धर्तीवर एक प्रथा पाडली आहे. तिथे अर्ज आला की कोर्ट स्वतःचा वॉरंट ऑफिसर नेमते, आणि तो पूर्वसूचना न देता ठाण्यात शिरून कोठडी, वरच्या मजल्यावरच्या खोल्या, मागचे क्वार्टर तपासतो. आत माणूस सापडला आणि डायरीत त्याचे नाव नसले, तर पुढच्या प्रतिज्ञापत्रात लिहिण्यासारखे पोलिसांकडे फारसे काही उरत नाही.